काका चांगलेच होते : स्टेशनवर चुकलेल्या मुलाला जागेवर थांबायला शिकवताना

डोंबिवलीतल्या आमच्या बालवाडीत साडेतीन ते सहा वर्षांची सतरा मुलं आहेत. मोठ्या गटातल्या पाच वर्षांच्या एका मुलाबाबत घडलेला प्रसंग आणि त्यानंतर आम्ही बसवलेलं नाटक, याबद्दल हे लेखन आहे. मुलाला इथे बंटी म्हणू.

बंटी आजीबरोबर मुलुंडला निघाला होता. स्लो लोकल आली, दारात गर्दी झाली, मागच्या बायकांच्या रेट्याने आजी आत ढकलली गेली. बंटीने आजीचं बोट धरलं होतं. बोट सुटलं आणि गाडी निघाली. आजी पुढच्या स्टेशनला, म्हणजे कोपरला, उतरली आणि उलट्या दिशेची गाडी पकडून परत आली. परतीची गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मला लागते. त्यामुळे गुडघे दुखत असताना जिना चढून, पूल ओलांडून ती मूळ जागी पोचली, तेव्हा बंटी तिथे नव्हता.

मधल्या वेळात काय झालं ते नंतर कळलं. बंटी दोन-चार पावलं गाडीमागे धावला. मग जिन्याच्या पायथ्याशी गप्प उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. एका गृहस्थांच्या लक्षात आलं की या मुलाबरोबर कोणी नाही. त्यांनी प्रेमाने विचारपूस केली, हात धरला आणि बाहेर पोलीस असतील म्हणून त्याला पूल चढून पूर्वेला नेलं. तिथे पोलीस दिसले नाहीत, तेव्हा ते रिक्षा स्टँडपाशी चौकशी करत राहिले. आजी प्लॅटफॉर्मवर सैरभैर, नातू बाहेर रिक्षांच्या रांगेत. शेवटी एका रिक्षावाल्याने दोघांना परत स्टेशनात पाठवलं आणि गाठ पडली.

या प्रसंगात वाईट माणूस कोणीच नव्हतं. त्या काकांचा हेतू स्वच्छ होता. पण त्यांनी मुलाला हलवलं, आणि बंटी हलला म्हणूनच सापडायला वेळ लागला. तो तिथेच उभा राहिला असता, तर आजी जिना उतरल्याबरोबर तिला दिसला असता.

बंटीला नियम माहीत नव्हते असंही नाही. हरवलं तर काय करायचं याचं गाणं आमच्याकडची सगळी मुलं म्हणतात आणि तो ते सर्वांत मोठ्याने म्हणायचा. तोंडपाठ असणं आणि वेळेला करता येणं यांत मोठं अंतर असतं. अमेरिकेतले वर्तनशास्त्रज्ञ रेमंड मिल्टनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना बंदुकीपासून दूर राहायला शिकवण्यावर बरंच काम केलं आहे. तिथेही हेच दिसलं. विचारलं की नियम अचूक सांगणारी मुलं, आजूबाजूला मोठं माणूस नसताना खरीखुरी दिसणारी बंदूक समोर आली की नियम विसरत. जिथे चुकलं तिथेच, त्याच क्षणी थांबवून करवून घेतलं की फरक पडे. आम्ही तोच क्रम घेतला : सांगायचं, करून दाखवायचं, मुलाकडून करवून घ्यायचं, चुकलं तिथे लगेच सुधारायचं, आणि शेवटी खऱ्या जागी नेऊन पाहायचं.

नाटक बसवण्याआधी मी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळच्या गर्दीत जाऊन गुडघ्यांवर बसले. पाच वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात त्या पिशव्या, कमरेचे पट्टे, ओढण्यांची टोकं आणि लॅपटॉपच्या बॅगा, ज्या मुलांच्या नेमक्या तोंडावर आदळतात. इंडिकेटर, पाट्या, ऑफिसांची दारं यांतलं काही नजरेत येत नाही. पोलिसाचा खाकी गणवेश ओळखायचा तर तो दोन हातांवर यावा लागतो, आणि खाजगी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, पोलीस यांच्यातला फरक मुलाला कंबरेवरून कळणं शक्य नाही. ‘हरवलास तर पोलीसकाकांना शोध’ ही आपली सर्वांत आवडती सूचना. त्या उंचीवरून ती निरुपयोगी आहे. शिवाय त्या सूचनेत ‘शोध’ आहे, म्हणजे मुलाला चालायला लावणंच आहे.

तिथून दोन गोष्टी मात्र स्पष्ट दिसल्या : छपराचे खांब आणि खाण्याच्या स्टॉलचा खालचा भाग. नाटकाचा पाया त्यातूनच ठरला. मुलाने करायच्या गोष्टी तीनच ठेवल्या. थांबायचं. जवळच्या खांबाला पाठ लावायची. ज्याच्याबरोबर आलो त्याला पूर्ण नावाने हाक मारायची. खांब यासाठी की धक्क्याने मूल वाहून जात नाही आणि प्लॅटफॉर्मच्या कडेपासून दूर राहतं. पाठ टेकली की पाय पळत नाहीत, हाही एक फायदा.

पूर्ण नावाची गोष्ट वाटली त्यापेक्षा अवघड निघाली. गर्दीत ‘आई’ म्हणून ओरडलं तर दहा बायका वळून पाहतात आणि आपलं मूल शेजारी आहे म्हटल्यावर पुन्हा चालू लागतात. पण लहान मुलाच्या आवाजात ‘सुमन पाटील’ अशी हाक आली की कान टवकारतातच, कारण असं कोणी हाक मारत नाही. आणि अडचणही तीच आहे. आपल्या घरांत मोठ्यांचं नाव घेत नाहीत. आजीचं नाव काय विचारल्यावर ‘आजी’ असंच उत्तर देणारी मुलं गटात बरीच होती. दोघांना आईचं नाव ‘मम्मी’ एवढंच ठाऊक होतं. एका आजोबांनी तर पालकसभेत स्पष्ट सांगितलं, नातवाने मला नावाने हाक मारलेली मला चालणार नाही. बंटीच्या आजीने त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, ‘अहो भाऊ, त्या दिवशी त्याने माझं नाव घेऊन बोंब मारली असती तर मी त्याला साखर वाटली असती.’ त्यानंतर प्रत्येक घरात आठवडाभर जेवायच्या वेळी एकदा पूर्ण नावाने हाक मारायची, असं ठरलं. मुलांना त्याची फार गंमत वाटली.

नाटकाची मांडणी साधी होती. वर्गाच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली, ती प्लॅटफॉर्मची रेघ. पलीकडे खुर्च्यांचा डबा. मधल्या लाकडी खांबाला ‘खांब’ म्हणूनच ठेवलं, कोपऱ्यातल्या टेबलाचा चहा-वड्याचा स्टॉल केला. मोबाइलवर स्टेशनचा गोंगाट ध्वनिमुद्रित करून स्पीकरवर मोठ्याने लावला. सात-आठ आया पिशव्या घेऊन गर्दी झाल्या. गर्दी खरी हवी. मोकळ्या वर्गात, शांततेत केलेलं नाटक मुलाला स्टेशनवर उपयोगी पडत नाही, कारण तिथे पहिली भीती आवाजाची आणि धक्क्यांची असते.

हरवायची भूमिका आम्ही पहिल्याच दिवशी कोणाला दिली नाही. आधी मुलांना आजी व्हायला लावलं. एक मूल आजी होऊन डब्यात बसे, ‘कोपर आलं’ म्हटलं की उतरे आणि फिरून परत येई. दुसरं मूल, म्हणजे नातू, एकदा जागा सोडून टेबलामागे जाई आणि एकदा खांबापाशीच थांबे. नातू हलला की छोटी आजी गर्दीत भिरभिरायची, एकजण तर खरंच रडकुंडीला आली. नातू थांबला की सरळ त्याच्यापाशी यायची. चार-पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करणं नुकतंच जमू लागलेलं असतं. ‘तू हललास तर आजीला सापडणार नाहीस’ हे वाक्य त्याला शब्दांनी समजत नाही, पण आजी झालं की अंगाने समजतं. सगळ्या प्रयोगात सर्वांत मोलाचा भाग हाच होता असं माझं मत आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी वगळला जातो.

मग आला काकांचा प्रवेश. काकांचं काम आमच्या रिक्षाकाकांच्या भावाने केलं, मुलं त्यांना ओळखत नव्हती. पहिल्यांदा त्यांनी हौसेने आवाज घोगरा केला आणि डोळे मोठे केले. सगळी मुलं एका सुरात ‘नाही येणार’ म्हणाली आणि हसली. त्यातून काहीच शिकवून झालं नाही. दुसऱ्या वेळी मी त्यांना सांगितलं, तुम्ही घरी पुतण्याशी बोलता तसंच बोला. त्यांनी खाली बसून, डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, ‘अरे बाळा, घाबरू नको. आजी बाहेर उभी आहे, चल, मी नेतो.’ बहुतेक मुलं हात धरून निघाली. मगाशी सर्वांत मोठ्याने नाही म्हणणारी मुलंही त्यांत होती. बंटीसुद्धा.

दोष मुलांचा नव्हता. मोठ्यांचं ऐकावं, प्रेमाने बोलणाऱ्याशी नीट वागावं, हे आपणच वर्षभर शिकवतो. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा नियम आम्ही काढून टाकला. हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागते, दुसरं असतंच कोण? नियम असा केला : बोलायचं, मदत मागायची, पण आपण हलायचं नाही. मुलाच्या तोंडी एक वाक्य दिलं : ‘मी इथून हलणार नाही, तुम्ही बोलवा.’ यात मुलाला उद्धट व्हावं लागत नाही. चांगले काका असतील तर ते पोलिसांना किंवा स्टॉलवाल्याला तिथे बोलावतील, काम झालं. चांगले नसतील तर ते निघून जातील, तरी काम झालं. कोण चांगलं आणि कोण वाईट हे पाच वर्षांच्या मुलाने ठरवायचं नाही. त्याला फक्त स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायचं आहे.

कोणी हात ओढलाच तर खांबाला मिठी मारायची, खाली बसायचं आणि ‘हे माझे कोणी नाहीत’ असं ओरडायचं. हे वाक्य नेमकं हवं. नुसतं रडणारं, हातपाय झाडणारं मूल पाहून लोक समजतात की हट्टी पोरगं बापाशी भांडतंय.

मदत कोणाची मागायची हेही मुलांना ठरवून दिलं. आवाक्यात स्टॉल असेल तर स्टॉलवाला, कारण तो आपली जागा सोडून जाऊ शकत नाही आणि उद्याही तिथेच असतो. नाहीतर जिच्याबरोबर लहान मूल आहे अशी बाई. खाकीतला माणूस आपणहून जवळ आला तर उत्तमच. सांगायचं एवढंच : ‘मी चुकलोय. माझी आजी सुमन पाटील. फोन करा.’

फोन नंबर ही वेगळी कसरत. दहा आकडे टाळ्यांच्या ठेक्यावर पाच-पाचात म्हणायला मोठा गट शिकला, साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना जमलं नाही आणि आम्ही ताणलं नाही. त्यांच्या कपड्याला आतून चिठ्ठी शिवायला सांगितलं. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला लगेच ओळखीचा वाटतो. अजून एक गोष्ट बंटीच्या प्रसंगाने शिकवली. त्याला आजीचा नंबर पाठ असता तरी आजीचा फोन पर्सच्या तळाशी होता आणि डब्याच्या गोंगाटात तो ऐकू आला नसता. म्हणून पाठ करायचा नंबर त्या प्रवासात नसलेल्या माणसाचा हवा, जो घरी किंवा कामावर फोन उचलू शकेल.

मोठ्या माणसांचा भाग थोडक्यात सांगते, पण त्याशिवाय मुलाचं थांबणं वाया जातं. सुटलेल्या गाडीतून उडी मारायची नाही. असा प्रसंग साखळी ओढायला पुरेसं कारण आहे, हात पोचत असेल तर ओढावी. नाहीतर पुढच्या स्टेशनला उतरून तिथल्या स्टेशन मास्तरांना सांगावं आणि 139 या रेल्वे हेल्पलाइनवर फोन करावा, म्हणजे मूळ स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाला निरोप जातो. लहान मुलांसाठीचा 1098 हा नंबरही चोवीस तास चालतो. आणि चढताना मुलाने आपलं बोट धरायचं नाही, आपण त्याचं मनगट धरायचं. बोट धक्क्याने निसटतं.

मुलाचं नाव-गाव लवकर कळणं का महत्त्वाचं, हे पालकांना वेगळं सांगावं लागलं. घरचे सापडत नसलेलं मूल 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. ही व्यवस्था मुलाच्या रक्षणासाठीच आहे आणि ती हवीच. पण ज्या मुलाला आईचं पूर्ण नाव आणि राहण्याचा भाग सांगता येतो, त्याचा प्रश्न बहुधा प्लॅटफॉर्मवरच सुटतो.

उलटा प्रसंगही आम्ही करवून घेतला : मूल डब्यात, मोठं माणूस प्लॅटफॉर्मवर. इथे ‘थांबायचं’ म्हणजे डब्यातच थांबायचं. दाराकडे जायचं नाही, पुढच्या स्टेशनला एकट्याने उतरायचं नाही, शेजारच्या बाईला सांगायचं. मुलांचा इथे गोंधळ झाला, कारण डब्यात खांब कुठला? दाराजवळचा खांब दाखवून एकजण तिथेच उभी राहिली, जी नेमकी धोक्याची जागा. म्हणून डब्यात ‘बसलेल्या मावशीच्या गुडघ्यापाशी’ असं सांगितलं. लेडीज डब्यात ते सोपं जातं.

शेवटचा टप्पा खऱ्या स्टेशनचा. रविवारी दुपारी, गर्दी विरळ असताना, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांना आधी कल्पना देऊन, प्रत्येक मुलाबरोबर त्याचं घरचं माणूस घेऊन गेलो. खऱ्या गाडीत कोणाला चढवलं नाही. मोठं माणूस दहा पावलांवर पुढच्या खांबामागे जाई, तिथून मूल त्याला सतत दिसत असे. मी मुलाच्या मागे उभी असे. मुलाला आधी सांगितलेलं असे की आज आपण हरवायचं नाटक स्टेशनवर करणार आहोत. मुलाला न सांगता सोडून परीक्षा घ्यावी असं काही पालकांनी सुचवलं होतं. मी त्याला ठाम नकार दिला. त्या एका भीतीची किंमत मूल पुढे प्रत्येक गर्दीत मोजतं. काका कधी येणार एवढंच फक्त मुलांना माहीत नव्हतं. दोन मुलांचे डोळे भरून आले, त्यांचं तिथेच थांबवलं आणि त्यांना वडा खायला नेलं.

बाकीच्यांपैकी बहुतेकांचे पाय थांबले, पाठ खांबाला लागली, काकांना वाक्यही सांगितलं. बंटीने तर काकांना स्टॉलकडे बोट दाखवून ‘त्यांना बोलवा’ असंही सांगितलं, जे आम्ही शिकवलं नव्हतं. अडलं ते तिसऱ्या गोष्टीत. हाक निघेना. खांबाला चिकटून, ओठ हलवत, ऐकू न येणाऱ्या आवाजात ‘सुमन पाटील’ म्हणणारी मुलं पाहिली तेव्हा लक्षात आलं की वर्गात आपण दिवसभर ‘हळू बोला’ म्हणतो आणि मुलं ते मनापासून पाळतात. मग मैदानावर हाकांचा खेळ सुरू केला. आई मैदानाच्या टोकाला पाठ करून उभी, मूल दुसऱ्या टोकाला. नाव ऐकू आलं तरच तिने वळायचं. हळूहळू आवाज मोकळे झाले.

नंतर लोकलने भायखळ्याच्या राणीच्या बागेची सहलही झाली. कोणी चुकलं नाही, त्यामुळे शिकवलेलं खऱ्या वेळी टिकेल का, याचा निकाल त्यातून लागत नाही. एक मात्र तपासता आलं. महिनाभराने कोणालाही न सांगता नाटक पुन्हा करवलं, तेव्हा थांबणं आणि खांब टिकून होते, नाव घेणं बरंचसं टिकलं होतं, आवाज मात्र पुन्हा बसला होता आणि गोड बोलणाऱ्या काकांबरोबर तिघं पुन्हा निघाली होती. म्हणून आता दर पंधरा दिवसांनी, मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं, काका बदलून हे करवून घेतो. कधी काका, कधी मावशी, कधी हातात चॉकलेट, कधी कुत्र्याचं पिल्लू, कधी ‘तुझ्या बाईंनी पाठवलंय’.

लहान गटातली एक मुलगी अजूनही हाक मारत नाही. मैदानात नाही, वर्गात नाही, घरीही ती फारच हळू बोलते. तिला ओरडायला लावण्याचा नाद आम्ही सोडला आहे. तिच्या पिशवीच्या पट्ट्याला आतून एक शिट्टी बांधली आहे आणि तिच्यापुरता क्रम बदलला आहे : थांबायचं, पाठ लावायची, शिट्टी वाजवत राहायची. शिट्टी ती जोरात वाजवते. मात्र पिशवी हरवली तर शिट्टीही जाईल, हे तिच्या आईच्या लक्षात आलं. त्यामुळे दुसरी शिट्टी फ्रॉकच्या खिशात शिवायची आणि दर धुण्याला ती काढून पुन्हा घालायची, हे काम तिच्या आजीने अंगावर घेतलं आहे.